हाइडच्या नावावर बिल फाडू नका

‘प्रत्येक माणसाच्या आत एक देव असतो आणि एक सैतान असतो.’ रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ या कादंबरीवर कुणी बोलायला उभं राहिलं की पहिलं वाक्य हेच येतं. गाइडमध्ये हेच असतं, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत हेच असतं आणि वाचनकट्ट्यावरच्या भाषणातही हेच असतं. माझा या वाक्याला विरोध आहे. ते शिळं झालंय ही तक्रार दुय्यम आहे. मुख्य तक्रार ही, की या कादंबरीबद्दल ते खोटं आहे. शिवाय ते आरोपीनं स्वतःच्या बचावात मांडलेलं म्हणणं आहे आणि आपण ते निकाल म्हणून वाचून दाखवतो.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. लंडनमधले डॉ. हेन्री जेकिल हे श्रीमंत, नावाजलेले गृहस्थ. त्यांच्या घराच्या मागच्या दारानं एडवर्ड हाइड नावाचा एक ठेंगणा, किळसवाणा इसम ये-जा करतो. तो एका लहान मुलीला तुडवतो आणि पुढे सर डॅनव्हर्स कॅरू या वयस्कर खासदाराला काठीनं मारून टाकतो. शेवटी कळतं की हाइड म्हणजे जेकिलच. एक औषध पिऊन तो रूप बदलत होता.

आज हे रहस्य जगजाहीर आहे. जानेवारी १८८६ मध्ये ज्यांनी ही कादंबरी प्रथम हातात घेतली त्यांना ते माहीत नव्हतं. दहा प्रकरणांपैकी आठ प्रकरणं आपण जेकिलचे वकील मित्र अटर्सन यांच्या मागे मागे फिरतो. त्यांना वाटतं, हाइड जेकिलला कसल्यातरी जुन्या भानगडीवरून ब्लॅकमेल करतोय. नवव्या प्रकरणात डॉ. लॅनयन यांच्या पत्रातून रूपांतर उघड होतं. दहाव्या प्रकरणात जेकिलचा स्वतःचा कबुलीजबाब येतो आणि पुस्तक तिथेच संपतं. त्या जबाबाला उत्तर द्यायला अटर्सन परत येत नाहीत, लेखकही येत नाही.

माझा पहिला मुद्दा इथूनच निघतो. माणूस एक नसून दोन आहे, हा सिद्धान्त या पुस्तकात कोण मांडतं? लेखक मांडत नाही, अटर्सन मांडत नाहीत. मांडतो जेकिल, तोही शेवटच्या जबाबात, खून झाल्यावर, फाशी समोर दिसत असताना. कोर्टात आरोपी म्हणाला, ‘साहेब, मी दोन माणसं आहे, खून दुसऱ्यानं केला’, तर न्यायाधीश ते लिहून घेईल, पण लगेच मान्य करणार नाही. आधी बाकीचे पुरावे पाहील. साहित्याच्या वर्गात मात्र आपण आरोपीचं वाक्य उचलतो आणि त्याला ‘कादंबरीचा आशय’ म्हणतो.

त्यातही आपण त्याचा जबाब नीट वाचत नाही. जेकिल म्हणतो की माणूस दोन आहे असं मी म्हणतो, कारण माझं ज्ञान तेवढ्यावरच थांबलंय. पुढचे संशोधक याहून पुढे जातील आणि माणूस म्हणजे परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक रहिवाशांची एक वस्तीच आहे असं कदाचित त्यांना आढळेल. म्हणजे ‘दोन’ हा आकडा त्याला स्वतःलाही पक्का वाटत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. औषधानं चांगला आणि वाईट असे दोन भाग वेगळे झालेच नाहीत. जेकिल स्पष्ट सांगतो की दोन रूपांपैकी एक निव्वळ दुष्ट निघालं आणि दुसरं तोच जुना हेन्री जेकिल राहिलं, चांगल्या-वाईटाची खिचडी. औषधाला चांगलं-वाईट कळत नव्हतं, मी उदात्त हेतूनं ते प्यायलो असतो तर देवदूत होऊन बाहेर आलो असतो, असंही तो म्हणतो.

आता सांगा, यात देव कुठे आहे? संपूर्ण कादंबरीत निव्वळ चांगला असा अर्धा भाग एकदाही दिसत नाही. म्हणजे एका बाजूला पूर्ण माणूस आहे आणि दुसऱ्या बाजूला त्या माणसानं बाहेर वापरायला काढलेलं एक रूप आहे.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. दुभंगलेल्या मनावर बोलताना आपण मनाच्या खोलात शिरायला उत्सुक असतो आणि टेबलावर पडलेले कागद पाहत नाही. ही कादंबरी कागदांनी भरलेली आहे. लहान मुलीचाच प्रसंग घ्या. पहाटे तीनच्या सुमाराला हाइड एका आठ-दहा वर्षांच्या मुलीवर आदळतो, तिला तुडवून पुढे चालू लागतो. एन्फिल्ड नावाचा गृहस्थ त्याला पकडतो. मुलीचे घरचे आणि डॉक्टर जमतात. पोलिसात जाण्याऐवजी ते त्याला बदनामीची धमकी देतात आणि शंभर पौंडांवर तडजोड होते. हाइड मागच्या दारानं आत जातो, दहा पौंडांची सोन्याची नाणी आणि उरलेल्या रकमेचा चेक घेऊन येतो. चेकवर सही असते एका प्रतिष्ठित माणसाची. सगळ्यांना तो खोटा वाटतो. सकाळी बँक उघडेपर्यंत ते थांबतात. चेक वटतो.

आता शेवटच्या जबाबात जेकिल याच प्रसंगाबद्दल काय सांगतो ते पाहा. मुलीला तो एका वाक्यात उरकतो. लोक चिडले, मला जिवाची भीती वाटली आणि जेकिलच्या नावाचा चेक द्यावा लागला, ही त्याची तक्रार आहे. पुन्हा असं होऊ नये म्हणून त्यानं काय केलं? मुलांना तुडवणं बंद केलं नाही. दुसऱ्या बँकेत एडवर्ड हाइडच्या नावानं खातं उघडलं. आपलंच अक्षर उलट्या बाजूला तिरकं करून त्याला सही मिळवून दिली. मग आपण नशिबाच्याही हाताबाहेर गेलो असं त्याला वाटलं.

ही बँकेची गोष्ट म्हणजे माझ्या सगळ्या युक्तिवादाचा कणा आहे. खातं उघडायला गेला तेव्हा तो कोण होता? तो झिंगलेला नव्हता, बेभान नव्हता. फॉर्म भरणारा, सही बनवणारा तो थंड डोक्याचा डॉक्टर होता. त्याआधी त्यानं सोहो भागात हाइडसाठी घर घेतलं होतं आणि तिथे एक बाई ठेवली होती. स्वतःच्या नोकरांना सांगितलं होतं की हाइडसाहेबांना घरात पूर्ण मोकळीक आहे. मृत्युपत्र केलं होतं: आपण मेलो किंवा तीन महिन्यांहून जास्त काळ बेपत्ता झालो तर सगळी मालमत्ता हाइडला जावी. ती मालमत्ता किती? अडीच लाख पौंड. हाइड दुष्ट आहे, मान्य. पण हाइडचं घर, हाइडची सही, हाइडचा वारसाहक्क, हाइडचं मागचं दार, हे सगळं जेकिलनं केलंय. दुष्ट अर्ध्यानं चांगल्या अर्ध्यावर ताबा मिळवला असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, या मृत्युपत्रावर सही करणारा कोणता अर्धा होता?

आणखी एक गोष्ट या कागदांतून दिसते. दुसरं रूप बाळगायला पैसा लागतो. दोन घरं लागतात, दोन खाती लागतात आणि तोंड बंद ठेवणारे मित्र लागतात. एन्फिल्डचा नियमच आहे की कुणाच्या अडचणीबद्दल जास्त विचारायचं नाही. खुनानंतर अटर्सन यांच्या हाती हाइडचं म्हणून एक पत्र येतं. त्यांचा कारकून गेस्ट ते जेकिलच्या चिठ्ठीशेजारी ठेवतो आणि म्हणतो, अक्षरं बऱ्याच बाबतीत सारखी आहेत, फक्त तिरपेपण वेगळं आहे. अटर्सन यांना वाटतं, आपल्या मित्रानं खुन्यासाठी खोटं पत्र लिहिलं. त्यांच्या अंगावर काटा येतो. मग ते काय करतात? चिठ्ठी तिजोरीत ठेवतात आणि गेस्टला गप्प राहायला सांगतात. पोलिसांना काही कळवत नाहीत. फट एकट्या जेकिलच्या मनात नाही. सभ्य माणसांनी मिळून ती उघडी ठेवली आहे.

तिसरा मुद्दा सर्वनामाचा. भाषा शिकवत असल्यामुळे माझी नजर तिथे जातेच. कॅरूंच्या खुनाचं वर्णन जेकिल करतो तेव्हा मारणारा ‘मी’ आहे. प्रत्येक फटक्याबरोबर आनंद झाला तो ‘मला’ झाला, असं तो लिहितो. मात्र दोषाचा विषय निघाला की तो म्हणतो, गुन्हेगार हाइड होता, एकटा हाइड. जबाबाच्या शेवटाकडे, पोलीस शोधत असताना, हाइडच्या रूपात रात्रीच्या रस्त्यावर फिरण्याचं वर्णन करताना तो मध्येच थांबतो आणि जाहीर करतो की यापुढे मी ‘तो’ म्हणणार, ‘मी’ म्हणणं मला शक्य नाही. मजेच्या जागी ‘मी’ आणि जबाबदारीच्या जागी ‘तो’, असा हा हिशेब आहे. असं वाचायला मनोविश्लेषणाचं एकही पुस्तक लागत नाही. पेन्सिल घ्यावी आणि ‘मी’ नि ‘तो’ या शब्दांखाली रेघा माराव्यात.

मराठीत आणि उर्दूत हे वाचताना जरा जास्त जागरूक राहावं लागतं. ‘मी त्याला मारलं’ आणि ‘हाइडनं त्याला मारलं’, दोन्हीकडे क्रियापद एकच: मारलं. उर्दूतही ‘मैं ने मारा’, ‘उस ने मारा’. आपल्या भूतकाळी सकर्मक क्रियापदावरून कर्ता कोण ते कळत नाही. कर्ता गाळला तरी वाक्य चालतं आणि मारणारा गायब होतो. अनुवादकानं ओघाच्या नादात ‘मी’ गाळला तर या कादंबरीतला सर्वात मोठा पुरावा त्याच्या हातून पुसला जातो.

इथे माझ्यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पुढे पुढे जेकिलचा ताबा खरोखरच सुटत नाही का? तो जेकिल म्हणून झोपतो आणि हाइड म्हणून जागा होतो. चादरीवर पडलेला हात त्याला दिसतो, तो डॉक्टरचा भरदार गोरा हात नसतो. तो हडकुळा, शिरा वर आलेला, केसाळ हात असतो. शेवटी तर हाइड त्याच्या धर्मग्रंथाच्या समासात घाणेरडं काहीबाही लिहितो, त्याच्या वडिलांची तसबीर नष्ट करतो. मग दोन माणसं आहेत असंच म्हणायला नको का?

ताबा सुटतो, हे मी नाकारत नाही. पण तो कधी सुटतो ते पाहा. आधी बरेच महिने तो आपल्या मर्जीनं औषध घेतो. मात्रा दुप्पट करावी लागते, एकदा तिप्पट करावी लागते. तो हात पाहून घाबरल्यावर दोन महिने तो हाइडला सोडून देतो, पण सोहोचं घर सोडत नाही आणि हाइडचे कपडेही जाळत नाही. दारू सोडलेल्या माणसानं बाटली कपाटात ठेवावी तसं. मग परत घेतो आणि त्या रात्री कॅरूंचा खून होतो. ताबा सुटणं हा सवयीचा शेवट आहे. त्यावरून सुरुवातीपासून आत दोन माणसं होती असं सिद्ध होत नाही.

सर्वात मोठा पुरावा तर याच्याही पुढे आहे. खुनानंतर जेकिल हाइडला कायमचा निरोप देतो, दानधर्म करतो. काही काळानं जुनी ओढ जागी होते. या वेळी तो औषध घेत नाही. स्वतःच्याच रूपात, जेकिल म्हणूनच, कोणत्याही सामान्य चोरट्या पाप्यासारखा घसरतो. तसं तो स्वतःच लिहितो. त्यानंतर एका स्वच्छ दिवशी रीजंट्स पार्कमध्ये बाकावर बसून तो विचार करतो, शेवटी मीही इतरांसारखाच आहे. मग इतरांशी तुलना करतो. ते आळशी, बेपर्वा आणि मी किती परोपकारी, असं मनाशी म्हणत हसतो. नेमक्या त्या क्षणी, औषधाविना, त्याचा हाइड होतो.

देव-सैतान सिद्धान्तानं हा क्षण समजावून दाखवा. त्या हिशेबानं वाईट विचार आला की सैतान यायला हवा. इथे तो आला ‘मी किती चांगला’ या विचारासरशी. माझ्या वाचनात मात्र ही जागा अचूक बसते. हाइड जन्मला तो जेकिलच्या वासनेतून कमी आणि आपल्या अब्रूवरच्या प्रेमातून जास्त. जबाबाच्या आरंभी तो सांगतो की माझा सर्वात मोठा दोष म्हणजे थोडा उतावीळ मौजीपणा. कितीजणांनी तो उघड मिरवला असता. मला मात्र लोकांसमोर ताठ मानेनं वावरायचं होतं, म्हणून मी तो लपवला. १८८७ मध्ये एका अमेरिकन संपादकाला लिहिलेल्या पत्रात खुद्द स्टीव्हन्सननं म्हटलं की हाइड हा काही स्त्रीलंपट नव्हे, दोष जेकिलच्या ढोंगीपणात आहे. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये या कादंबरीवरचं नाटक आलं. त्यात जेकिलला वाग्दत्त वधू दिली गेली, पुढे चित्रपटांनीही तोच मार्ग धरला आणि ढोंगाची गोष्ट वासनेची झाली. आपल्यापैकी बहुतेकांनी कादंबरीऐवजी हीच आवृत्ती डोक्यात ठेवलेली आहे.

फ्रॉइडची लेबलं लावूनही काम भागत नाही. हाइडला ‘इड’ म्हटलं की गोष्टीचं नाव बदलतं, नवं काही सिद्ध होत नाही. प्रतिरूपाच्या कथेबद्दल काही ठामपणे म्हणायचं असेल तर मी तीन गोष्टी मागतो: दुसऱ्यामुळे पहिल्याला असं काय मिळतं जे एरवी मिळालं नसतं? दोघं वेगळे आहेत हे कोण सांगतंय आणि त्यात त्याचा फायदा काय? कोणता प्रसंग तुमचं म्हणणं खोटं पाडू शकला असता? तिसऱ्याचं उत्तर नसेल तर ते मत आहे, युक्तिवाद नाही.

हे प्रश्न दुसऱ्या कथांना विचारले की उत्तरं वेगळी येतात. एडगर अॅलन पोच्या १८३९ सालच्या ‘विल्यम विल्सन’मध्ये निवेदक स्वतःच बदमाश आहे. त्याच नावाचा, त्याच तारखेला जन्मलेला दुसरा विल्सन हळू आवाजात त्याला अडवत राहतो, ऑक्सफर्डमध्ये पत्त्यांतली त्याची लबाडी उघडी पाडतो. तिथे दुसरा म्हणजे सदसद्विवेक आणि निवेदक त्यालाच भोसकतो. दोस्तोएव्हस्कीच्या १८४६ सालच्या ‘द डबल’मध्ये गोल्याद्किन हा पीटर्सबर्गचा छोटा सरकारी कारकून. वरिष्ठाच्या घरच्या समारंभातून त्याला हाकलतात आणि त्याच रात्री त्याला स्वतःसारखाच माणूस भेटतो. दुसऱ्या दिवशी तो त्याच्याच कार्यालयात कामाला लागतो. हा दुसरा सैतान नाही आणि विवेकही नाही. तो लाघवी आहे, वरिष्ठांचा लाडका आहे, म्हणजे त्या कार्यालयाला हवा होता तसा गोल्याद्किन. ‘प्रत्येकात देव-सैतान’ हे एकच वाक्य या तिन्ही गोष्टींना चिकटवता येतं, म्हणूनच ते एकाहीबद्दल काही सांगत नाही.

उर्दूत या प्रकारासाठी ‘हमजाद’ हा शब्द आहे, म्हणजे सोबत जन्मलेला. शब्द सुरेख आहे, पण हाइडला लावू नये. हाइड जेकिलसोबत जन्मलेला नाही, जेकिलनं तो मोठेपणी, विचार करून, खर्च करून घडवला.

मी एवढा का भांडतोय, कादंबरीच तर आहे, असं कुणी म्हणेल. पण हे वाक्य कादंबरीपुरतं राहत नाही. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याबद्दल शेजारी सांगतात, ‘माणूस चांगला आहे हो, रागात तो वेगळाच होतो.’ प्रतिष्ठित माणसाचा गुन्हा उघडकीला आला की बातमीत येतं, ‘त्याचं दुसरं रूप’. म्हणजे पहिलं रूप निर्दोष ठरलं. राग आल्यावर तो वेगळा होतो, तर मग हाच माणूस साहेबासमोर वेगळा का होत नाही? दार आधी लावून का घेतो? जेकिलनं खातं उघडलं, तसं यानं काय काय आधी करून ठेवलंय, ते पाहायला हवं.

कादंबरीत त्या तुडवलेल्या मुलीला नाव नाही. तिच्या घरच्यांना शंभर पौंड मिळाले आणि प्रकरण मिटलं. पैसे जेकिलच्या खात्यातून गेले, सही जेकिलची होती आणि बँकेनंही ती खरी ठरवली. वाचकानं बँकेइतकी तरी खात्री करून घ्यावी.